दिवाळीला माल तुटतो आणि दिवाळीनंतर पडून राहतो: एक्सेलमधल्या मूव्हिंग ॲव्हरेजने एजन्सीचा विक्री अंदाज

प्रश्न: सर, माझी कराडला खाद्यतेलाची एजन्सी आहे. टॅलीतून दर महिन्याची विक्री काढून एक्सेलमध्ये तीन महिन्यांचं मूव्हिंग ॲव्हरेज लावतो आणि त्यावर कंपनीला ऑर्डर देतो. पण दिवाळीला माल कमी पडतो आणि नंतर जानेवारीपर्यंत गोदामात पडून राहतो. तीन महिन्यांचं लावू की बारा महिन्यांचं? की ही पद्धतच सोडून देऊ?

उत्तर:

पद्धत सोडू नका. पण तीन की बारा, असा पर्यायच नाही. दोन्ही लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. बारा महिन्यांच्या सरासरीने प्रत्येक महिन्याचा हंगाम किती जोराचा आहे ते मोजायचं. तो हंगाम आकड्यांतून बाजूला काढायचा आणि उरलेल्या आकड्यांवर तीन महिन्यांची सरासरी लावून पुढचा अंदाज काढायचा. शेवटी हंगाम परत जोडायचा. गणपती ते दिवाळी हे चार महिने मात्र यातून वेगळे ठेवायचे, कारण सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. तुमचा माल नेमका तिथेच चुकतो आहे.

आधी आकडे कुठले घ्यायचे ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अंदाज पेट्यांमध्ये काढा, रुपयांमध्ये नाही. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, आणि 2025 च्या मेअखेर ते 10 टक्क्यांवर आणलं. अशा वेळी पेट्या तेवढ्याच विकल्या तरी रुपयांतली विक्री वर-खाली होते आणि सरासरीला धंदा वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होतो. पाऊचचं माप मध्येच बदललं असेल तर सगळं लिटरमध्ये आणून घ्या.

दुसरं, आकडा सेकंडरीचा हवा, म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेल्या मालाचा. कंपनीने तुम्हाला किती बिलिंग केलं त्यात महिनाअखेरीचं टार्गेट आणि स्कीम मिसळलेली असते. त्यावरून गिऱ्हाइकाची गरज कळत नाही. टॅलीत त्या स्टॉक आयटेमची महिनावार समरी उघडा आणि `Outwards` ची क्वांटिटी घ्या. दुकानदाराकडून परत आलेला माल वजा करा आणि कंपनीला परत पाठवलेला माल त्यात विक्री म्हणून धरला गेलेला नाही ना, तेही बघा.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. दिवाळीला तुमचा माल तुटला होता, म्हणजे त्या महिन्याची बिलातली विक्री ही खरी मागणी नाही. गोदामात होता तेवढाच माल विकला गेला. सेल्समनच्या ऑर्डर बुकात ज्या पेट्या लिहिल्या होत्या पण गेल्या नाहीत, त्या त्या महिन्यात मिळवा. बिलं 640 पेट्यांची आणि तुटलेल्या ऑर्डरी 60 पेट्यांच्या असतील, तर शीटमध्ये 700 लिहा. हे केलं नाही तर यंदाचा तुटवडा पुढच्या वर्षीचा अंदाज होऊन बसतो आणि दरवर्षी माल तेवढाच कमी पडतो. दुकानदाराने तीच ऑर्डर पुढच्या आठवड्यात उचलली असेल तर ती दोनदा धरू नका.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून समजण्यापुरते हे घेतो. एक लिटर सोयाबीन पाऊचच्या पेट्या आहेत, तीन आर्थिक वर्षांच्या.

| महिना | 2023-24 | 2024-25 | 2025-26 |
|---|---|---|---|
| एप्रिल | 410 | 430 | 440 |
| मे | 430 | 450 | 460 |
| जून | 380 | 400 | 420 |
| जुलै | 390 | 410 | 430 |
| ऑगस्ट | 430 | 460 | 510 |
| सप्टेंबर | 470 | 540 | 570 |
| ऑक्टोबर | 590 | 700 | 610 |
| नोव्हेंबर | 560 | 370 | 390 |
| डिसेंबर | 350 | 380 | 400 |
| जानेवारी | 390 | 400 | 430 |
| फेब्रुवारी | 400 | 410 | 430 |
| मार्च | 440 | 450 | 470 |

शीटमध्ये हे तीन कॉलम शेजारी शेजारी ठेवू नका, एकाखाली एक लावा. A मध्ये तारीख, B मध्ये पेट्या. पहिली ओळ नावांची. म्हणजे दुसऱ्या ओळीत एप्रिल 2023 आणि सदतिसाव्या ओळीत मार्च 2026 येईल. तारीख `1-Apr-2023` अशी टाइप करा. नुसतं `1-4-2023` लिहिलं आणि कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन असली तर एक्सेल ती 4 जानेवारी समजतं आणि पुढे महिन्यांची सगळी गणितं गुपचूप चुकतात.

आता तुमच्या सध्याच्या पद्धतीत काय होतं ते याच आकड्यांवर बघा. ऑक्टोबर 2024 साठी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची सरासरी 470 येते आणि मागणी होती 700. म्हणजे 230 पेट्या कमी. नोव्हेंबरसाठी सरासरी 567 निघते, कारण आता तिच्यात दिवाळीचा ऑक्टोबर आला. विक्री झाली 370. डिसेंबरला सरासरी 537, विक्री 380. जानेवारीला सरासरी 483, विक्री 400. एकच मोठा ऑक्टोबर पुढचे तीन महिने सरासरीत बसून राहतो आणि तेवढे महिने तुम्ही जास्त माल उचलता. तुम्ही प्रश्नात जे वर्णन केलंय ते हुबेहूब हेच आहे. तीनऐवजी चार किंवा पाच महिने घेतले तरी दुखणं जात नाही, फक्त लांबतं. बारा महिने घेतले तर ऑक्टोबरचा अंदाज 452 येतो; तो सुद्धा तितकाच निरुपयोगी, कारण त्यात दिवाळी बारा महिन्यांवर पसरून गेलेली असते.

इथे एक्सेलचीच एक गंमत लक्षात ठेवा, बरेच जण तिला फसतात. चार्टवर राइट क्लिक करून `Trendline` मधून `Moving Average` काढलं, किंवा `Data Analysis` मधलं `Moving Average` वापरलं, तर ऑक्टोबरच्या ओळीत जो आकडा येतो तो ऑगस्ट, सप्टेंबर आणि खुद्द ऑक्टोबरचा असतो. `Data Analysis` च्या चार्टमध्ये त्या रेषेला `Forecast` असं नावही दिलेलं असतं. पण ज्या महिन्याचा अंदाज काढायचा त्याचीच विक्री आत घेतल्यावर तो अंदाज कसला? रेषा खऱ्या विक्रीच्या जवळून जाते, बघायला छान वाटतं आणि प्रत्यक्ष ऑर्डर देताना तो आकडा हातात नसतोच. अंदाज म्हणून वापरायची सरासरी नेहमी एक ओळ खाली लिहायची. म्हणून मी ही तयार साधनं वापरत नाही, साधं `AVERAGE` लिहितो. कुठल्या ओळी आत आहेत ते डोळ्यांनी दिसतं.

आता हंगाम मोजू. कुठलेही सलग बारा महिने घेतले की त्यात प्रत्येक महिना एकदाच येतो, म्हणून त्यांच्या सरासरीत हंगाम उरत नाही, धंद्याची पातळी तेवढी उरते. अडचण इतकीच की बारा ही सम संख्या आहे, त्यामुळे एप्रिल ते मार्चचा मध्य सप्टेंबर आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये पडतो. म्हणून एक महिना पुढे सरकवलेली दुसरी बारा महिन्यांची सरासरी घ्यायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. मग मध्य बरोबर ऑक्टोबरवर बसतो. C8 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2023 च्या ओळीत, हे लिहा आणि C31 पर्यंत ओढा. D8 मध्ये विक्रीला या पातळीने भागा आणि तेही D31 पर्यंत ओढा. हा भागाकार म्हणजे त्या महिन्याचा गुणक.

```
C8:  =AVERAGE(AVERAGE(B2:B13),AVERAGE(B3:B14))
D8:  =B8/C8
```

सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने रिकामे राहतील, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा महिने नाहीत. म्हणूनच या कामाला किमान तीन वर्षांचे आकडे हवेत. दोन वर्षांवर प्रत्येक महिन्याचा एकच भागाकार मिळतो आणि तो महिना नेहमीचा होता की अपवादाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

जानेवारीच्या ओळी बघा. 2024 मध्ये 390 भागिले 442.5 म्हणजे 0.881, आणि 2025 मध्ये 400 भागिले 454.2, म्हणजे पुन्हा 0.881. दोन्ही वर्षी जानेवारी हा सरासरी महिन्यापेक्षा 12 टक्के मंद. हा आकडा भरवशाचा, कारण दोन वर्षांनी एकच साक्ष दिली. फेब्रुवारी 0.90, मार्च 0.98, दोन्ही वर्षी जवळपास तेच. एप्रिल 0.94 आणि 0.96.

आणि आता ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. ऑक्टोबर 2023 चा गुणक 1.35 आणि 2024 चा 1.55. नोव्हेंबर 2023 चा 1.28, तर 2024 चा 0.82. नोव्हेंबर एका वर्षी तेजीचा महिना आणि दुसऱ्या वर्षी मंदीचा. या दोनची सरासरी 1.05 येते, आणि असा नोव्हेंबर आजवर कधी आलेलाच नाही. D कॉलममध्ये एकाच महिन्याचे दोन आकडे असे लांब दिसले की थांबायचं आणि कारण शोधायचं. इथे कारण उघड आहे: 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि 2024 ला 1 नोव्हेंबरला. दुकानदार फराळाचं तेल दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भरतो. त्यामुळे 2023 ला तो माल दोन्ही महिन्यांत वाटला गेला आणि 2024 ला सगळाच ऑक्टोबरवर आला.

सणाच्या महिन्यांकडे पुन्हा येतो. आधी साधे महिने संपवू, कारण ते सोपे आहेत. E मध्ये महिन्याचा क्रमांक, F मध्ये त्या महिन्याच्या गुणकांची सरासरी, G मध्ये विक्री भागिले गुणक, म्हणजे हंगाम काढलेली विक्री. E आणि F अठ्ठेचाळीस-पन्नास ओळींपर्यंत ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यांचे गुणक तयार राहतील. A मध्ये पुढच्या तारखाही भरा.

```
E2:   =MONTH(A2)
F2:   =AVERAGEIFS(D$8:D$31,E$8:E$31,E2)
G2:   =B2/F2
H38:  =AVERAGE(G35:G37)*F38
```

H38 हा एप्रिल 2026 चा अंदाज. जानेवारी 2026 ला 430 पेट्या गेल्या, हंगाम काढल्यावर त्या 488 होतात. फेब्रुवारीच्या 479, मार्चच्या 480. तिन्हींची सरासरी 482, गुणिले एप्रिलचा 0.952, म्हणजे 459 पेट्या. गुणाकाराआधीचा हा 482 नीट बघा. हंगाम निघून गेल्यावर धंदा सध्या कुठल्या पातळीला चालला आहे ते तो सांगतो. विक्रीच्या मूळ आकड्यांत ते दिसत नाही.

बाराही गुणकांची बेरीज बरोबर 12 यायला हवी. या आकड्यांत ती 12.15 येते. एप्रिलच्या अंदाजावर त्याचा परिणाम होत नाही, कारण एकदा भागताना आणि एकदा गुणताना तीच चूक कटते. पण वर्षाची एकूण विक्री धरून तिला गुणकाने महिन्यांत वाटायचं असेल, तर प्रत्येक गुणकाला आधी 12 भागिले 12.15 ने गुणा.

आता सणाचे महिने. मी ऑगस्ट ते नोव्हेंबर असा चार महिन्यांचा एक गठ्ठा करतो. गणपती आणि दिवाळी कितीही मागेपुढे झाले तरी त्यांचा माल या चारांतच उचलला जातो. गठ्ठ्याची बेरीज करा: 2023 ला 2050, 2024 ला 2070, 2025 ला 2080. एकेक महिना बघितला तर ऑक्टोबर 590, 700, 610 असा उड्या मारतो आणि नोव्हेंबर 560 वरून 370 वर येतो. चारांची बेरीज मात्र जवळजवळ सरळ रेषेत चालली आहे. सणांचं तेल दरवर्षी तेवढंच लागतं, ते कुठल्या महिन्याच्या बिलात पडतं एवढंच बदलतं. म्हणून अंदाज बेरजेचा काढायचा आणि मग ती वाटायची. 2026 साठी 2100 धरू.

वाटणी मागच्या वर्षासारखी करायची नाही. ज्या वर्षी सण याच तारखांच्या आसपास होते, त्या वर्षासारखी करायची. 2026 ला गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला बसले आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं, म्हणजे ते वर्ष इथे कामाचं नाही. 2023 चा विचार करा: गणपती 19 सप्टेंबर, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबर. हे जुळतं. त्याचं कारणही आहे, 2023 ला अधिक श्रावण होता आणि 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे; अधिक महिन्याच्या वर्षी त्याच्यापुढचे सण उशिरा येतात. तेव्हा 2023 ची वाटणी घ्या. ऑगस्ट 2026 ही बेचाळिसावी ओळ:

```
H42:  =2100*B6/SUM(B$6:B$9)
```

H45 पर्यंत ओढल्यावर ऑगस्ट 440, सप्टेंबर 481, ऑक्टोबर 604, नोव्हेंबर 574 असं येतं. दिवाळी 2023 पेक्षा चार दिवस आधी आहे, म्हणून मी नोव्हेंबरमधल्या वीसेक पेट्या ऑक्टोबरला सरकवीन. हा माझा अंदाज आहे, सूत्र नाही, आणि शीटमध्ये तसा शेरा लिहून ठेवीन. 482 च्या पातळीवर गुणकांची सरळ सरासरी वापरली असती तर ऑक्टोबरला सुमारे 700 आणि नोव्हेंबरला सुमारे 505 आले असते. म्हणजे ऑक्टोबरात पंच्याण्णवेक पेट्यांचे पैसे अडकले असते आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात सत्तरेक पेट्या कमी पडल्या असत्या.

दिवाळी संपली की आणखी एक खड्डा असतो. डिसेंबरचा अंदाज काढताना सवयीने मागचे तीन महिने घेतले जातात, आणि ते तिन्ही सणाचे असतात. त्यांचे गुणक आपण आत्ताच अविश्वसनीय ठरवले, तर त्यांनी भागलेले G मधले आकडेही तसेच. डिसेंबर 2025 वर करून बघा: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरचे G आकडे 468, 420, 372 येतात. हंगाम काढलेली पातळी दोन महिन्यांत अशी घसरत नसते. त्यावरून डिसेंबरचा अंदाज 343 निघतो, विक्री झाली 400. त्याऐवजी सणाआधीचे मे, जून, जुलै घेतले तर पातळी 462 आणि अंदाज 377. अजूनही थोडा कमी, पण चूक 57 वरून 23 वर आली.

```
H34:  =AVERAGE(G27:G29)*F34
```

जानेवारीसाठी जून, जुलै, डिसेंबर घ्या, फेब्रुवारीसाठी जुलै, डिसेंबर, जानेवारी. मार्चपासून नेहमीचे तीन महिने पुन्हा सुरू.

हे खरंच आधीपेक्षा बरं आहे का, ते तपासायची एक प्रामाणिक रीत आहे. शेवटचं वर्ष झाका. मार्च 2025 पर्यंतचेच आकडे आहेत असं समजून गुणक काढा आणि एप्रिल 2025 पासूनचा अंदाज महिन्या-महिन्याने करा. सगळे आकडे घालून काढलेले गुणक त्याच आकड्यांवर तपासले तर निकाल चांगलाच येणार, कारण उत्तर आधीच आत घातलेलं आहे. झाकून काढल्यावर एप्रिल ते जुलै 2025 चे अंदाज 430, 458, 415, 427 येतात, आणि विक्री होती 440, 460, 420, 430. नुसत्या तीन महिन्यांच्या सरासरीने याच महिन्यांना 420, 433, 450, 440 आले असते. गुणकाच्या पद्धतीत सरासरी चूक 5 पेट्यांची, नुसत्या सरासरीच्या पद्धतीत 22 पेट्यांची. मी घेतलेले आकडे साफसूफ आहेत. तुमच्या खऱ्या वहीत दोन्ही चुका याहून बऱ्याच मोठ्या निघतील. बघायचं ते दोन्हींमधलं अंतर.

चुकांची दिशाही बघा. चारही अंदाज विक्रीपेक्षा कमी आहेत. धंदा वाढत असतो तेव्हा मूव्हिंग ॲव्हरेज नेहमी मागे राहतं, कारण ते मागचंच बघतं. तीन महिन्यांच्या सरासरीचा मध्य अंदाजाच्या महिन्यापासून दोन महिने मागे असतो, बारा महिन्यांच्या सरासरीचा साडेसहा महिने. तुमची पातळी दर महिन्याला एखाद्याच पेटीने वाढत असेल तर हे दुर्लक्षून चालतं. दर महिन्याला दहा पेट्या वाढत असतील, समजा नवी लाइन सुरू केली किंवा पाटणकडची दुकानं जोडली, तर तीन महिन्यांची सरासरी वीस पेट्या कमी सांगेल. तेवढ्या हाताने मिळवा. I मध्ये `=B38-H38` ठेवा आणि पाच-सहा महिने चिन्ह एकाच बाजूला राहिलं की अंदाज त्या बाजूला सरकवा. चिन्ह अधूनमधून बदलत असेल तर काही करू नका, प्रत्येक चुकीवर हलणारा अंदाज आणखी बिघडतो.

अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे, हेही शीटमध्ये वेगळं दिसू द्या. एप्रिलचा अंदाज 459. महिनाअखेर हातात मेच्या सात दिवसांचा माल हवा असं धरा. मेचा अंदाज सुमारे 483, म्हणजे सात दिवसांच्या 110 पेट्या. गोदामात आज 140 आहेत आणि कंपनीकडून निघालेल्या 60 वाटेत आहेत. तर 459 अधिक 110, वजा 140, वजा 60, म्हणजे महिनाभरात 369 पेट्या मागवायच्या. त्या एकाच गाडीत आणायच्या की चारदा, हे तुमच्या उधारीवर आणि कंपनीच्या डेपोवर अवलंबून. हाताशी किती ठेवायचं हे मात्र चुकीच्या आकाराने ठरवा. तुमची सरासरी चूक 40 पेट्यांची असेल तर निदान तेवढ्या पेट्या जास्त लागतीलच. सात दिवसांचा माल त्याहून जास्त आहे ना, ते बघा. तेलात त्यापलीकडे साठा वाढवायला माझा विरोध आहे. मार्जिन बारीक, आणि शुल्क कमी झालं की गोदामातल्या महाग मालाचा तोटा तुमच्याच अंगावर येतो.

B च्या शेजारी एक शेऱ्याचा कॉलम ठेवा, तो सूत्रांइतकाच कामाचा आहे. सप्टेंबर 2024 च्या 540 पेट्या बघा. गणपती 7 तारखेचे होते आणि 14 तारखेला शुल्क वाढलं, त्यामुळे जुन्या दरात माल भरून ठेवणारे दुकानदारही त्यात आहेत. शेरा नसेल तर दोन वर्षांनी हा आकडा सणाचा वाटेल. असा अपवादाचा महिना ओळखू आला तर त्यातल्या जादा पेट्या अंदाजाने वजा करून मगच गुणक काढा, पण मूळ आकडा वेगळ्या कॉलममध्ये जपा. 2026 ला 17 मे ते 15 जून अधिक महिना आहे. जावयाचं धोंड्याचं जेवण, अनारसे, पुरणाचे धोंडे यांना तेल-तूप लागतं. मे-जूनच्या अंदाजात मागच्या वर्षांच्या गुणकात ते नाही, तेव्हा थोडं वर धरा आणि शेऱ्यात लिहा. तुमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या कधी येतात आणि कारखान्याचा पट्टा कधी पडतो, त्याचीही तारीख लिहीत चला. हंगाम लांबला तर मार्चचा गुणक हलतो.

हे सगळं प्रत्येक वस्तूला करायची गरज नाही. ज्या पाच-सात वस्तूंवर तुमचा बहुतेक पैसा अडकतो, त्यांनाच करा. महिन्याला दहा-पंधरा पेट्या जाणाऱ्या वस्तूला गुणक काढून उपयोग नाही. एका मोठ्या दुकानाने ऑर्डर पुढे ढकलली तरी तिचा महिना निम्मा होतो. तिथे शेवटच्या सहा महिन्यांची साधी सरासरी पुरते. एखादा नवा पॅक आला असेल आणि त्याचा इतिहास नसेल, तर त्याच तेलाच्या जुन्या पॅकचे गुणक उसने घ्या, पातळी मात्र त्याच्या स्वतःच्या पहिल्या तीन महिन्यांतून काढा. त्या तीन महिन्यांतला पहिला महिना दुकानांच्या शेल्फ भरण्यात गेलेला असतो, तो सोडून द्या आणि चौथ्या महिन्याची वाट बघा.